दोन परीक्षक आणि एक रकाना

एखाद्या उपचाराविषयी ठिकठिकाणी झालेले सर्व प्रयोग धुंडाळून त्यांतील आकडे एकत्र मांडायचे आणि त्यांवरून निष्कर्ष काढायचा, याला वैद्यकशास्त्रात पद्धतशीर आढावा म्हणतात. अशा आढाव्यांवरील चर्चा बहुधा त्यांतील संख्याशास्त्राभोवती फिरत असली, तरी त्यांचा घात पुष्कळदा गणिताच्या कितीतरी आधी, छापील निबंधातला आकडा उचलून आपल्या तक्त्यात उतरवण्याच्या वरकरणी कारकुनी वाटणाऱ्या कामातच होऊन बसलेला असतो. म्हणून प्रत्येक निबंध दोन परीक्षकांनी एकमेकांचे न पाहता वाचावा, प्रत्येकाने आपला नोंदतक्ता स्वतंत्रपणे भरावा, आणि मग दोन्ही तक्ते शेजारी ठेवून ताडून पाहावेत, असा रिवाज पडला आहे.

हा रिवाज कोठे अडतो ते आपल्याच मुलखातल्या एका प्रसिद्ध प्रयोगावरून दाखवता येईल. गडचिरोली जिल्ह्यात अभय बंग, राणी बंग आणि त्यांचे सहकारी यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून तयार केले. त्या स्त्रियांनी घरोघरी जाऊन नवजात बालकांची निगा राखावी आणि जंतुसंसर्ग झालेल्या बालकावर तेथेच उपचार करावेत, अशी ती योजना होती. तिचा अहवाल १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ३९ गावांत ही योजना राबवली होती आणि ४७ गावे तुलनेसाठी घेतली होती. योजनेपूर्वी नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे योजनेच्या गावांत ६२, तर तुलनेच्या गावांत ५८ होता. तिसऱ्या वर्षी योजनेच्या गावांतला दर २५.५ वर आला, आणि लेखकांनी निव्वळ घट ६२.२ टक्के दिली.

आता समजा, घरपोच नवजात-सेवेचा आढावा घेणाऱ्या मंडळींनी आपल्या तक्त्यात ‘मृत्युदरातील घट, टक्के’ एवढाच रकाना ठेवला आहे. पहिला परीक्षक निबंधातला आकडा जसाच्या तसा उचलून ६२.२ लिहितो. दुसरा अधिक चिकित्सक. तो ६२ वरून २५.५ म्हणजे किती, हे स्वतः मोजतो आणि ५८.९ लिहितो. (मूळ दर ६२ आणि घटही ६२.२, हा निव्वळ योगायोग; पण घाईत वाचणाऱ्याला गोंधळात पाडायला तेवढा पुरतो.) यांतले चुकले कोण? कोणीच नाही. लेखकांच्या आकड्यात त्याच काळात तुलनेच्या गावांत झालेला बदल हिशेबात धरलेला आहे, तर दुसऱ्या परीक्षकाने फक्त योजनेच्या गावांची आधीची व नंतरची स्थिती पाहिली आहे. अपराध रकान्याचा आहे, कारण त्याने नोंद न मागता अनुमान मागितले.

अशा वेळी ‘मोठ्याचे ऐकावे’ या न्यायाने एक आकडा ठेवून दुसरा खोडणे हा उपाय नव्हे. उपाय म्हणजे तक्ता दुरुस्त करणे. आधीचा दर, नंतरचा दर, दोन्ही क्षेत्रांचे वेगवेगळे, प्रत्येकाचा कालखंड, मृत्यूंची आणि जन्मांची मूळ संख्या, लेखकांनी स्वतः काढलेली टक्केवारी व ती काढण्याची त्यांची रीत, असे रकाने स्वतंत्र हवेत, आणि प्रत्येकाच्या बाजूला निबंधाचे पान व तक्त्याचा क्रमांक हवा. परीक्षकाने निबंधात आहे ते लिहावे. बेरीज-वजाबाकी पुढच्या टप्प्यावर, सर्व निबंधांना एकच रीत लावून व्हावी. ‘सहभागींची संख्या’ हा रकानाही असाच फसवा आहे, कारण त्यात एक परीक्षक गावे लिहील आणि दुसरा बालके. वाटणी गावांची झाली असेल, तर एकाच गावातली बालके परिस्थितीने एकमेकांसारखी असतात, आणि त्यांना सुटी सुटी व्यक्ती मानून हिशेब केला तर निष्कर्ष वाजवीपेक्षा अधिक नेमका भासतो. म्हणून वाटणी कशाची झाली आणि मोजणी कशाची झाली, हे दोन निरनिराळे प्रश्न विचारावे लागतात. रिकामा रकाना तर कधीच मान्य करू नये, कारण ‘नाही’, ‘निबंधात उल्लेख नाही’ आणि ‘परीक्षकाने पाहिले नाही’ हे तिन्ही अर्थ त्यात एकदमच दडून बसतात.

असले दोष तक्त्याचा मसुदा न्याहाळून दिसत नाहीत, तो भरून पाहिल्यावरच दिसतात. म्हणून निरनिराळ्या घाटणीच्या चार-सहा निबंधांवर तो आधी चालवून पाहतात. त्या वेळच्या तफावतींची छाननी केली की निव्वळ नजरचूक लगेच वेगळी पडते: दोघांनी पान उघडले की ती मिटते. अर्थ लावण्यातला मतभेद मात्र दोघांनी निबंधातले नेमके वाक्य पुढे ठेवून चर्चेने सोडवायचा, आणि न सुटल्यास आधीच नेमून ठेवलेल्या तिसऱ्या जाणकाराकडे लवादासाठी पाठवायचा. निवाडा झाल्यावरही दोघांचे मूळ तक्ते तसेच जपून ठेवायचे. निर्णय, त्याचे कारण आणि तारीख तिसऱ्या, स्वतंत्र प्रतीत नोंदवायची. आणि एकाच रकान्यावर वारंवार भांडण होऊ लागले, तर परीक्षकांना दोष न देता सूचनापत्र बदलायचे व आधी भरलेले निबंधही त्या रकान्यापुरते पुन्हा वाचायचे. हे काम कंटाळवाणे असल्याने टाळले जाते, आणि माझ्या मते सर्वांत महाग पडणारी टाळाटाळ तीच.

परंतु दोघांचे एकमत झाले म्हणजे आकडा खरा, असेही नाही. समजा, एका निबंधात शंभर बालकांच्या गटाचे सरासरी जन्मवजन ‘२६४० ± ४२ ग्रॅम’ असे दिले आहे, आणि दोघांनीही ४२ हे प्रमाण विचलन म्हणून निमूटपणे लिहिले. तसे असेल तर बहुतेक सर्व बालके २५५६ ते २७२४ ग्रॅम यांच्या दरम्यान असायला हवीत, आणि प्रसूतिगृहात एकदा जरी पाऊल टाकलेल्या माणसाला हे पटणार नाही. ४२ ही सरासरीची प्रमाण त्रुटी असली पाहिजे. तिला बालकसंख्येच्या वर्गमुळाने, म्हणजे दहाने, गुणले की ४२० ग्रॅम हे पटण्याजोगे विचलन मिळते. दोन गटांत १०५ ग्रॅमचा फरक असेल आणि तो विचलनाच्या पटीत मांडायचा असेल, तर एका वाचनाने उत्तर २.५ येते, दुसऱ्याने ०.२५; उपचार एकदम दसपट गुणकारी ठरतो. ही भीती काल्पनिक नाही. कोपनहेगनच्या नॉर्डिक कॉक्रन केंद्रातील संशोधकांनी २००७ साली अशा पटीत मांडलेले २७ आढावे घेऊन प्रत्येकातील दोन प्रयोगांचे आकडे पुन्हा काढून पाहिले, तेव्हा १० आढाव्यांत निदान एका प्रयोगाचे उत्तर त्यांना जुळवता आले नाही.

म्हणून ± या खुणेपुढच्या अंकाला वेगळा रकाना देऊन निबंधात त्याचे नाव काय दिले आहे ते लिहायला लावतात, आणि नाव दिलेलेच नसेल तर ‘उल्लेख नाही’ अशी नोंद करून लेखकांना पत्र धाडतात. उत्तर आले तर ते पत्र तक्त्याला जोडायचे. ठरवलेल्या मुदतीत आले नाही, तर रकाना ‘अनिर्णित’ ठेवून एकत्रित हिशेब दोन्ही अर्थांनी करायचा आणि दोन्ही उत्तरे वाचकापुढे ठेवायची.