टँकरला अर्थिंग आहे, तरी थांबायचं कशासाठी?

डेपोमध्ये टँकर भरण्याआधी त्याच्या लोखंडी टाकीला अर्थिंगची क्लिप लावतात. भरणं संपलं की पंप बंद होतो, क्लिप मात्र तशीच असते. तरीही झाकण उघडून लगेच डिपरॉड आत सोडायला मनाई असते. टाकी जमिनीशी जोडलेली आहे, मग कशाची वाट पाहायची? उत्तर असं, की अर्थिंगमुळे मोकळा होतो तो लोखंडावरचा विद्युतभार. डिझेलच्या पोटात अडकलेला भार भिंतीपर्यंत पोहोचायला त्याचा स्वतःचा वेळ घेतो, आणि तो वेळ क्लिपच्या हातात नसतो.

भार डिझेलमध्ये येतो कुठून? मुख्यतः फिल्टरमधून. द्रव बारीक छिद्रांतून जाताना त्यातले एका चिन्हाचे आयन फिल्टरच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि विरुद्ध चिन्हाचे प्रवाहाबरोबर पुढे वाहतात. टाकीत पडणारं इंधन त्यामुळे भारित असतं.

आता या द्रवातला एक छोटासा भाग डोळ्यांसमोर आणा. त्यात जेवढा जादा भार, तेवढं त्याच्यातून बाहेर जाणारं विद्युतक्षेत्र. हा गाउसचा नियम. क्षेत्र जेवढं जोरकस, तेवढा त्या माध्यमातून वाहणारा प्रवाह; हा ओहमचा नियम. म्हणजे भार ज्या वेगाने बाहेर पडतो तो वेग उरलेल्या भारावरच अवलंबून असतो. भार निम्म्यावर आला की गळतीही निम्म्यावर येते. याला घातांकी ऱ्हास म्हणतात. त्याची गती एकाच काळाने सांगता येते:

τ = ε/σ

इथे σ ही पदार्थाची विद्युतवाहकता आणि ε ही त्याची पारगम्यता, म्हणजे तो पदार्थ विद्युतक्षेत्राला किती दुबळं करतो याचं माप. τ हा शिथिलन काळ. एवढ्या काळात आतला भार सुमारे 37 टक्क्यांवर येतो, त्याच्या तिप्पट काळात 5 टक्क्यांवर आणि पाचपट काळात 1 टक्क्याच्याही खाली.

या सूत्रात टाकीचा आकार कुठेच नाही, ही मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. एकजिनसी द्रव स्थिर असेल तर बाटलीत असो वा टाकीत, τ तोच. शिवाय मध्यभागी ठेवलेला भार सरकत सरकत कडेला जातो, असंही होत नाही. तो जागच्या जागी विरत जातो, त्याच वेळी पृष्ठभागावर तेवढाच भार उगवतो आणि मधला भाग पूर्ण वेळ उदासीन राहतो.

आता आकडे घालून पाहू. इंधनाची वाहकता इतकी कमी असते की ती पिकोसीमेन्स प्रति मीटर, म्हणजे 10⁻¹² सीमेन्स प्रति मीटर या एककात मोजतात. इंधनाची पारगम्यता निर्वाताच्या साधारण दुप्पट, म्हणून हिशेब सोपा होतो: 18 ला वाहकतेने भागायचं, उत्तर सेकंदांत मिळतं. वाहकता 50 असेल तर τ फक्त 0.36 सेकंद, 5 असेल तर 3.6 सेकंद, 1 असेल तर 18 सेकंद. फिल्टरनंतर इंधन टाकीत पडेपर्यंत 30 सेकंद तरी पाइपात राहावं, असा संकेत आहे. वाहकता 5 असताना तेवढ्यात भार जवळपास संपतो. 1 असताना मात्र सुमारे 19 टक्के उरतो. गंधक काढताना डिझेलमधली वाहकता देणारी संयुगंही जातात आणि थंडीत वाहकता आणखी घसरते. म्हणूनच विमानाच्या इंधनात वाहकता वाढवणारं द्रव्य अत्यल्प प्रमाणात मिसळतात.

सूत्राला दोन्ही टोकांना मर्यादा आहेत. तांब्यासाठी τ निघतो 10⁻¹⁹ सेकंदांच्या घरात. पण तांब्यातल्या इलेक्ट्रॉनच्या दोन टकरींमध्येच 10⁻¹⁴ सेकंदांच्या आसपास वेळ जातो. एवढ्या कमी अवधीत ओहमचा नियमच लागू होत नाही, म्हणून तांब्याचा हा आकडा खरा धरू नये. दुसऱ्या टोकाला, वाहकता 1 हून कमी असलेल्या अतिशुद्ध इंधनात जादा आयन स्वतःच प्रवाहाचे मुख्य वाहक बनतात. तिथे वाहकता स्थिर राहत नाही आणि दाट भार सूत्राच्या अंदाजापेक्षा लवकर ओसरतो.

भारित द्रवाच्या पृष्ठभागाजवळ धातूचा डिपरॉड नेला, तर त्याच्या टोकाशी ठिणगी पडू शकते आणि वर इंधनाची वाफ असतेच. त्यामुळे टँकर भरल्यावर निदान एक मिनिट आणि मोठ्या साठवण टाकीत सुमारे अर्धा तास थांबूनच मोजमाप घ्यावं. अर्थिंगची क्लिप लावलेली असली, तरीही.