'आय' की 'मी'? जोडीदारावर बोट ठेवा



पाचवीच्या वर्गातल्या एका मुलीने वहीत लिहिलं होतं, "मी अँड माय सिस्टर वेंट टू द मार्केट." मी लाल पेनाने खोडून "माय सिस्टर अँड आय" केलं आणि सांगितलं, "दुसऱ्याचं नाव आधी, मग आय. लक्षात ठेव." तिने अगदी नीट लक्षात ठेवलं. पुढच्या आठवड्यात तिच्याच वहीत वाक्य आलं, "अवर आंटी गेव्ह माय सिस्टर अँड आय अ बुक." मी पुन्हा लाल खूण केली. ती म्हणाली, "मॅडम, तुम्हीच तर असं सांगितलं होतं ना!"

तिचं बरोबर होतं. मी तिला कारण सांगितलंच नव्हतं, फक्त एक जोडी पाठ करून दिली होती. म्हणून आज हा विषय मुळापासून पाहू. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत, कारण हा घोटाळा आधी कानात होतो आणि मग वहीत उतरतो.

घोटाळा कुठून येतो?

मराठी 'मी' म्हणजे इंग्रजी 'आय'. पण इंग्रजीतही एक 'मी' आहे आणि त्याचा अर्थ साधारण 'मला' असा होतो. आवाज तोच, काम मात्र वेगळं. त्यामुळे आपल्या मुलांच्या तोंडून "मी गो", "मी अँड माय फ्रेंड प्ले" सहज निघून जातं.

मग आपण सांगतो, "मी म्हणजे आय आणि मला म्हणजे मी." हेही पूर्ण खरं नाही. 'मला भूक लागली' याचं इंग्रजी "आय ॲम हंग्री" होतं. 'मला आंबा आवडतो' याचं "आय लाइक मँगो" होतं. मराठीत 'मला' असूनही इंग्रजीत तिथे 'आय' येतो, कारण इंग्रजी वाक्याचा कर्ता तो आहे. म्हणून शब्दाला शब्द लावून चालत नाही. इंग्रजी वाक्यात तो शब्द कोणतं काम करतो, ते बघावं लागतं. कर्ता असेल तर 'आय'. कर्म असेल, किंवा टू, फॉर, विथ, बिट्वीन अशा शब्दांनंतर येत असेल, तर 'मी'.

जोडीदारावर बोट ठेवा

एकटा शब्द असला की मुलं फारशी चुकत नाहीत. "आंटी गेव्ह आय अ बुक" असं कोणी लिहीत नाही. 'अँड' आला की चुकतात. म्हणून फळ्यावर वाक्य लिहा आणि जोडीदारावर व 'अँड'वर हात ठेवून ते झाका.

"अवर आंटी गेव्ह (माय सिस्टर अँड) __ अ बुक." झाकल्यावर उरतं "अवर आंटी गेव्ह मी अ बुक." म्हणजे पूर्ण वाक्य "अवर आंटी गेव्ह माय सिस्टर अँड मी अ बुक."

"(माय सिस्टर अँड) __ वेंट टू द मार्केट." उरतं "आय वेंट". म्हणजे "माय सिस्टर अँड आय वेंट".

जोडीदार आल्याने शब्दाचं काम बदलत नाही. आपली मराठीही हेच करते. 'मावशीने ताईला आणि मला पुस्तक दिलं' असं आपण म्हणतो. 'मावशीने ताईला आणि मी पुस्तक दिलं' हे पहिलीतल्या मुलालाही खटकेल. वर्गात हे वाक्य मुद्दाम चुकीचं म्हणून दाखवा. मुलं हसतात, आणि इंग्रजीतली चूक नेमकी कशी आहे ते त्यांना तिथेच कळतं.

दोन्ही शब्द सर्वनामं असतील तर एकेक झाका. "शी कॉल्ड __ अँड __" यात आधी "शी कॉल्ड हिम", मग "शी कॉल्ड मी". म्हणून "शी कॉल्ड हिम अँड मी".

दुसऱ्याचं नाव आधी घेणं हा इंग्रजीतला शिष्टाचार आहे. कर्ता-कर्माशी त्याचा संबंध नाही. मी या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या आणि तिथेच मुलीचा गोंधळ झाला.

ही युक्ती कुठे अडते?

पहिली अडचण क्रियापदाची. "माय सिस्टर अँड आय आर रेडी" यात बहीण झाकली की "आय आर रेडी" उरतं आणि मुलं म्हणतात, "हे तर चूक!" तेव्हा सांगायचं की एकटा राहिल्यावर 'आर'चा 'ॲम' होतो. आपण फक्त 'आय' बसतो का ते बघतोय.

दुसरी 'बिट्वीन'ची. एकट्यासाठी हा शब्द वापरताच येत नाही, म्हणून झाकून काही कळत नाही. तिथे 'बिट्वीन'च्या पुढे 'अस' लावून बघा. "बिट्वीन अस" म्हणतात, "बिट्वीन वी" नाही. 'अस' आणि इंग्रजी 'मी' एकाच गटातले, म्हणून "बिट्वीन यू अँड मी". इथे 'आय' लावण्याची सवय जुनीच आहे. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' नाटकातल्या अँटोनियोच्या पत्रातही 'बिट्वीन'नंतर 'आय' आहे. पण आजच्या लेखी इंग्रजीत ती चूकच धरतात.

हू आणि हूम

इथेही तोच नियम. प्रश्नाचं उत्तर 'ही' येत असेल तर 'हू', 'हिम' येत असेल तर 'हूम'. हिम आणि हूम या दोघांच्या शेवटी 'म' आहे, एवढं मुलांना पुरतं.

एक वाक्य नीट सोडवून बघू: "__ डिड यू अँड युवर ब्रदर मीट?" मुलं म्हणतात, "यू अँड युवर ब्रदर हे कर्ते आहेत, म्हणून हू." कर्ते आहेत हे खरं, पण रिकामी जागा कर्त्याची नाही. उत्तर देऊन बघा: "वी मेट हिम." म्हणजे 'हूम'.

उलट सापळा असा: "__ डू यू थिंक विल विन?" इथे 'डू यू थिंक' झाका. उरतं "__ विल विन?" उत्तर "ही विल विन". म्हणून 'हू'.

मुलांना हेही सांगा की रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूसही 'हूम'च्या जागी बहुतेकदा 'हू' म्हणतो. टू, विथ यांच्या लगेच नंतर मात्र 'हूम'च येतो: "विथ हूम". तसंच दार वाजवल्यावर "इट्स मी" म्हणणं आज सर्वमान्य आहे. "इट इज आय" फार औपचारिक वाटतं.

सरावासाठी

१. द टीचर हेल्प्ड माय फ्रेंड अँड __.
२. माय फादर अँड __ प्लान्टेड अ ट्री.
३. टू __ डिड शी गिव्ह द पेन?
४. कॅन माय ब्रदर अँड __ गो होम?

उत्तरं: मी, आय, हूम, आय. चौथ्यात जागा 'कॅन'च्या नंतर आहे म्हणून मुलं 'मी' लिहितात. भाऊ झाकला की "कॅन आय गो होम?" ऐकू येतं.

त्या मुलीने पुढच्या वेळी वहीत वाक्य लिहिताना खरोखरच बहिणीवर बोट ठेवलं होतं. तिच्या वहीत त्या जागी आता खाडाखोड नसते.