उजळणीच्या कार्डावर काय लिहावं?

इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या थिअरीची उजळणी करण्यासाठी शिकाऊ उमेदवार जी कार्डं वापरतात, त्यांची रचना साधी असते. जाड कागदाच्या तळहाताएवढ्या तुकड्यावर एका बाजूला प्रश्न आणि मागच्या बाजूला उत्तर. आयटीआयच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात सुरक्षा, वायरिंग आणि हत्यारं-उपकरणं या तीन भागांना अशी कार्डं चांगली लागू पडतात, कारण त्यात लक्षात ठेवायच्या गोष्टी पुष्कळ आहेत. पण बहुतेक गठ्ठ्यांत एक उणीव दिसते. कार्डावर आकडा असतो. तो आकडा कोणत्या परिस्थितीत खरा, हे नसतं. परीक्षेतला प्रश्न मात्र नेमका परिस्थितीवर बेतलेला असतो.

सुरक्षेच्या कार्डांपैकी काही सरळ पाठच करावीत. शॉक लागलेल्या माणसाला हात लावण्याआधी पुरवठा बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडावर उभं राहून कोरड्या काठीनं त्याला दूर ढकलावं. चालू विजेच्या उपकरणाला आग लागली तर पाणी किंवा फोम वापरू नये. कार्बन डायऑक्साइडचा किंवा कोरड्या पावडरचा सिलिंडर वापरावा. यात फाटे फुटत नाहीत.

फाटे फुटतात ते ‘लाइन बंद आहे हे कसं ओळखाल?’ या कार्डापाशी. मागे ‘निऑन टेस्टरने’ एवढंच लिहिलं असेल तर ते कार्ड धोक्याचं आहे. टेस्टरच्या आत एक मोठा रोधक आणि निऑनचा छोटा दिवा असतो. मागच्या टोपीवर बोट ठेवलं की अगदी सूक्ष्म प्रवाह शरीरातून जातो आणि दिवा उजळतो. भर उन्हात तो उजेड दिसत नाही. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं तर तो मंद होतो. उलट, चालू वायरीला समांतर गेलेल्या मोकळ्या वायरीवरही तो कधी कधी पेटतो. म्हणून मागची बाजू अशी हवी: आधी चालू असलेल्या सॉकेटवर टेस्टर तपासावा, मग कामाच्या जागी लावावा आणि शेवटी पुन्हा त्याच चालू सॉकेटवर तपासावा. मधल्या वेळात टेस्टर बिघडला असेल तर ते तिसऱ्या पायरीला कळतं. याच कार्डाला एक जोडप्रश्न शोभतो: स्विच चालू आहे, दिवा लागत नाही आणि होल्डरच्या दोन्ही टर्मिनलवर टेस्टर पेटतो, दोष कुठे? न्यूट्रल तुटला आहे. फेज दिव्याच्या तारेतून पलीकडच्या टर्मिनलपर्यंत पोहोचते आणि तिथेच अडते.

वायरिंगच्या कार्डांवर शब्दांपेक्षा आकृती अधिक कामाची. स्विच नेहमी फेजच्या वायरीत, हा नियम सगळ्यांना येतो. जिन्याच्या वायरिंगचा पाठ मात्र आकृतीशिवाय पक्का होत नाही. तिथे दोन टू-वे स्विच असतात. फेज पहिल्याच्या कॉमन टर्मिनलला, दिव्याकडे जाणारी वायर दुसऱ्याच्या कॉमनला आणि उरलेली दोन-दोन टर्मिनलं एकमेकांना जोडणाऱ्या दोन वायरी. आकृती काढून झाली की कार्डाच्या मागे चूक लिहावी, कारण परीक्षकाला आणि प्रत्यक्ष कामालाही चूकच हवी असते. खालच्या स्विचमध्ये फेजची वायर कॉमनऐवजी बाजूच्या टर्मिनलला गेली आणि तिथली जोडवायर कॉमनला आली, तर दिवा लागतो खरा, पण खालचा स्विच एका स्थितीत असतानाच. तो दुसऱ्या स्थितीत गेला की वरच्या मजल्यावरून कितीही खटखट केली तरी उजेड पडत नाही. घरमालकाची तक्रार असते, ‘दिवा कधी लागतो, कधी नाही.’ त्यावर नवखा कारागीर दिवा बदलतो, मग होल्डर. दोष स्विचच्या पेट्यांत असतो.

उपकरणांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ मेगरच्या कार्डावर होतो. इन्सुलेशनचा रोध मोजायला घरगुती वायरिंगसाठी ५०० व्होल्टचा मेगर वापरतात. किमान रोध किती हवा, याचं पाठ उत्तर ‘१ मेगाओहम’ असं असतं. ते अर्धंच आहे. पूर्ण नियम असा, की ५० ला पॉइंटच्या संख्येने भागायचं. येणारं उत्तर मेगाओहममध्ये किमान रोध दाखवतं, मात्र तो १ मेगाओहमपेक्षा जास्त असण्याची सक्ती नाही. २० पॉइंटच्या फ्लॅटमध्ये भागाकार २.५ येतो, म्हणजे तिथे १ मेगाओहम पुरे. ८० पॉइंटच्या इमारतीत तो ०.६२५ येतो आणि तेवढा रोधही चालतो. पॉइंट वाढले की गळतीच्या वाटा वाढतात आणि त्या सगळ्या समांतर जोडलेल्या असतात, म्हणून एकूण रोध उतरतो. हे एक वाक्य कार्डावर असलं की सूत्र उलटं लिहिलं जात नाही.

दुसरा गोंधळ दिव्यांचा. चाचण्या दोन आहेत आणि दोन्हींत मेन स्विच बंद, बाकीचे स्विच चालू. वायरी आणि अर्थ यांच्यामधला रोध मोजताना फेज व न्यूट्रल एकत्र जोडतात आणि दिवे जागेवर ठेवतात. फेज आणि न्यूट्रल यांच्यामधला रोध मोजताना दिवे काढावे लागतात, उपकरणंही सोडवावी लागतात. कारण उघड आहे: दिवा लावलेला असेल तर मेगर इन्सुलेशन न मोजता दिव्याची तार मोजतो आणि काटा शून्याजवळ जातो. उमेदवार ‘वायरिंग शॉर्ट आहे’ असं लिहून मोकळा होतो. पाठ्यपुस्तकातली ही पद्धत तारेच्या दिव्यांच्या काळातली आहे, हेही ध्यानात ठेवावं. आजच्या घरात एलईडी दिवे, डिमर आणि पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असतात. ५०० व्होल्टच्या डीसी दाबाने त्यांतले भाग जळू शकतात, म्हणून ती उपकरणं कोणत्याही चाचणीआधी सोडवून ठेवलेली बरी. परीक्षेचं उत्तर आणि कामावरची रीत यांत असा फरक असला तर कार्डावर दोन्ही लिहावीत, वेगळ्या शाईने.

मेगर स्वतः ठीक आहे का, हेही आधी पाहतात. दोन्ही टोकं मोकळी ठेवून फिरवला तर काटा अनंतावर, एकत्र धरून फिरवला तर शून्यावर यायला हवा. हातहत्यारांची कार्डं यापुढे सोपी वाटतात: हॅकसॉच्या पात्याचे दात पुढच्या दिशेने, सोलताना वायरीच्या तांब्याला खाच नको. खाच पडलेली वायर तिथेच वाकून तुटते किंवा तापते, एवढं कारण सोबत असावं.

वरच्या तुकडीकडून मिळालेला गठ्ठा वापरताना कायद्याची कार्डं आधी बाजूला काढावीत. जुन्या गठ्ठ्यांत अजून ‘भारतीय विद्युत नियम १९५६’ सापडतात. त्यांची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांनी घेतली आणि त्यांच्या जागी २०२३ चे विनियम आले. नियमाचा क्रमांक विचारणाऱ्या प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात पुस्तकाच्या आवृत्तीचं वर्ष लिहिलं, तर कोणतं कार्ड बदलायचं ते शोधत बसावं लागत नाही.