सर्वांत मोठ्या ताटाची चाल

ओट्यावर एक ताट ठेवा, त्यावर ताटली आणि ताटलीवर बशी. ही जागा अ. शेजारी ब आणि क अशा दोन मोकळ्या जागा ठरवा. आता ही चळत जशीच्या तशी क वर न्यायची आहे. अटी दोनच: एका वेळी एकच भांडं उचलायचं आणि लहान भांड्यावर मोठं ठेवायचं नाही. कमीत कमी किती वेळा उचल-ठेव करावी लागेल?

हे ‘हनोईचे मनोरे’ नावाचं कोडं. फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी १८८३ साली ते खेळणं म्हणून बाजारात आणलं. त्यात तीन खुंट्या आणि आठ चकत्या होत्या.

ओट्यावरचा खेळ पुरा करू. बशी क वर, ताटली ब वर, मग बशी ताटलीवर. या तीन चालींनंतर अ वर फक्त ताट उरलं आणि क मोकळी झाली. चौथ्या चालीत ताट क वर गेलं. आता बशी अ वर, ताटली ताटावर आणि शेवटी बशी ताटलीवर. एकूण सात चाली.

पण सहांत जमणारच नाही, हे कशावरून? बऱ्याच वेळा करून पाहिलं आणि जमलं नाही, हा काही पुरावा नव्हे. कदाचित आपल्यालाच युक्ती सुचली नसेल. खरं उत्तर ताटाकडे पाहिलं की मिळतं.

ताट कधीतरी हलायलाच हवं. ते पहिल्यांदा उचलतो तो क्षण डोळ्यांसमोर आणा. त्याच्यावर काही असून चालणार नाही. ते जिथे ठेवायचं ती जागाही रिकामीच हवी, कारण उरलेलं प्रत्येक भांडं ताटापेक्षा लहान आहे आणि लहानावर मोठं ठेवायला बंदी आहे. मग ताटली आणि बशी असणार कुठे? उरलेल्या तिसऱ्या जागी, एकावर एक. म्हणजे ताट हलण्याआधी दोन भांड्यांची चळत हलवून झालेली असते, आणि त्याला किमान तीन चाली लागतातच. ताटाची शेवटची चाल झाल्यावर तीच दोन भांडी पुन्हा त्याच्यावर आणायची, म्हणजे आणखी तीन. मधली ताटाची किमान एक. तीन, एक आणि तीन मिळून सात. यातून पळवाट नाही. ताट एकापेक्षा जास्त वेळा हलवलं, तर चाली वाढतील, कमी होणार नाहीत.

ताटाखाली परात आली तरी तर्क तोच: आधी सात, मग परातीची एक, मग पुन्हा सात, म्हणजे पंधरा. प्रत्येक नव्या भांड्यागणिक आधीचा आकडा दुप्पट होतो आणि त्यात एक मिळतो: १, ३, ७, १५, ३१. हे आकडे २, ४, ८, १६, ३२ पेक्षा एकेकाने कमी आहेत. म्हणून n चकत्यांसाठी किमान चाली 2ⁿ − 1. ल्युकांच्या आठ चकत्यांना २५५ लागतात. काशीच्या देवळात पुजारी ६४ सुवर्णचकत्या हलवत आहेत आणि काम संपेल तेव्हा जगही संपेल, अशी गोष्ट या खेळाला जोडली गेली. सेकंदाला एक चाल धरली, तरी ते काम सुमारे ५८ हजार कोटी वर्षं चालेल.

खेळताना चूक होते ती बहुधा पहिल्याच चालीत. वरच्या तीन भांड्यांत बशी क ऐवजी ब वर ठेवून पाहा: ताटली क वर जाते, बशी तिच्यावर येते आणि ताटासाठी मोकळी उरते ती ब. चळत बिनचूक हलते, पण भलत्या जागी पोहोचते. नियम साधा आहे. चकत्या विषम असतील तर सर्वांत लहान चकती आधी मुक्कामाच्या जागी ठेवायची, सम असतील तर दुसऱ्या मोकळ्या जागी. पुढे एक चाल लहान चकतीची, एक दुसऱ्या एखाद्या चकतीची, हा क्रम मोडायचा नाही. लहान चकती लागोपाठ दोनदा हलली, की एक चाल वाया गेलीच म्हणून समजा, कारण तेच एका चालीत झालं असतं.

आता चौथी जागा द्या. आठ चकत्यांचं काम २५५ ऐवजी ३३ चालींत होतं, पण आपला पुरावा मात्र कोसळतो. ताट हलतं त्या क्षणी बाकीची भांडी एकाच जागी असण्याची सक्ती उरत नाही, ती दोन जागांवर कशीही वाटलेली असू शकतात. चार खुंट्यांसाठी उत्तम मानली जाणारी रीत १९४१ सालीच छापून आली होती. तिच्याहून कमी चालींत काम होत नाही, हे तिएरी बूश यांनी सिद्ध केलं ते २०१४ साली. पाच खुंट्यांसाठी तशी सिद्धता अजून कुणाकडे नाही. तीन खुंट्यांवर ती आपल्याला चार ओळींत मिळाली, कारण तिथे ताटाला वाट देताना इतरांना उभं राहायला एकच जागा उरते.