सरासरीचे गणित आणि त्याची हद्द

म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याची पद्धत, म्हणजे ‘एसआयपी’, आज पगारदार घरांमध्ये रुळली आहे. तिच्याबरोबर एक समजही रुळला: हप्ते चालू ठेवले की सरासरी आपोआप नफा करून देते. हा समज तपासायला हवा.

दरमहा 1,000 रुपये भरले आणि युनिटचा भाव चार महिने अनुक्रमे 20, 16, 10 आणि 16 रुपये राहिला असे समजू. युनिट मिळतील 50, 62.5, 100 आणि 62.5, म्हणजे एकूण 275. चार भावांची साधी सरासरी 15.50 रुपये होते. आपल्याला मात्र एक युनिट सुमारे 14.55 रुपयांना पडले. रक्कम ठरलेली असल्यामुळे स्वस्तात जास्त युनिट येतात. भाव बदलत असतील तर खरेदीची सरासरी साध्या सरासरीपेक्षा कमीच राहते. हा निव्वळ गणिताचा नियम आहे.

पण तो नियम खरेदीच्या भावाचा आहे, नफ्याचा नव्हे. चौथ्या महिन्यात भाव 10वरच राहिला, तर 312.5 युनिटांचे 3,125 रुपये होतात, भरलेले असतात 4,000. उलट भाव 10, 12.50, 16, 20 असा चढत गेला, तर हप्त्यांचे 5,850 रुपये होतात आणि पहिल्याच दिवशी एकरकमी गुंतवलेल्या 4,000चे 8,000. चढत्या बाजारात थांबण्याची किंमत मोजावी लागते. मात्र ज्याच्याकडे एकरकमी पैसाच नाही, पगारातून जमेल तसा भरतो, त्याच्यासाठी ही तुलना गैरलागू आहे.

पद्धतीचे बळ दिसते ते बाजार खाली जाऊन पुन्हा वर येतो तेव्हा. 2007च्या अखेरीस सेन्सेक्स 20,287वर होता, 2008च्या अखेरीस 9,647वर आणि 2010च्या अखेरीस 20,509वर. निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या फंडात सुरुवातीलाच सारा पैसा घातलेला माणूस, लाभांश सोडला तर, तीन वर्षांनी होता तिथेच राहिला. दरमहा भरत राहिलेल्याला मधले स्वस्त युनिट मिळाले. घाबरून 2008मध्येच हप्ता थांबवणाऱ्याने नेमके तेच गमावले.

आणखी एक मर्यादा वर्षे सरल्यावर उघड होते. दहा वर्षांत 1,20,000 रुपये भरून झाल्यावर नवा 1,000चा हप्ता त्याच्या एक टक्क्याहून कमी असतो. तेव्हा बाजार 30 टक्के कोसळला, तर स्वस्तातले नवे युनिट जुन्या साठ्याची घट भरून काढू शकत नाहीत. मुलीची फी दोन वर्षांवर आली असेल, तर तेवढी रक्कम आधीच शेअरबाजारातून सुरक्षित ठेवीत हलवावी लागते. हे काम हप्ता करत नाही.

आपल्या खात्याचे विवरणपत्र काढा. काहीही काढून घेतले नसेल, तर भरलेल्या एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागा आणि आलेला आकडा आजच्या भावाशेजारी ठेवा. सरासरीने आपला आकडा खाली आणला; आजचा भाव ठरवणे तिच्या हातात नाही.