लाल छत्री, अडीच रुपये

वर्तमानपत्रात पुण्यस्मरणाच्या चौकटी एकाखाली एक छापलेल्या असतात. वर फोटो, नावामागे ‘कै.’, मग ‘प्रेमळ, मनमिळाऊ, परोपकारी’, आणि खाली शोकाकुल मंडळींची यादी. फोटो बदलला तर मजकूर शेजारच्या चौकटीत तसाच चालेल. यात कुणाचा दोष नाही. चौकट लहान, पैसे शब्दांवर आणि दुःख ताजं. पण वर्षश्राद्धाला घरच्यांसमोर वाचायला म्हणून आपण जे पानभर लिहितो, त्यातही तेच शब्द उतरतात, तेव्हा थोडं थांबायला हवं.

अण्णांच्या वर्षश्राद्धाला मी असं पान लिहिलं होतं. अण्णा एसटीत कंडक्टर होते. मी लिहिलं : ३१ वर्षं सेवा, दोन प्रशस्तिपत्रं, गावात पक्कं घर, दोन्ही मुलांचं शिक्षण. आदल्या रात्री आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “हे तर त्यांच्या रिटायरमेंटला डेपोतल्या साहेबांनी वाचलं होतं.” तिला ते आवडलं नव्हतं असं नाही, पण त्या पानात तिला तिचा माणूस कुठे दिसला नव्हता.

मग मी दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. अण्णांचा एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत आठवायचा आणि त्यात फक्त क्रियापदं लिहायची. काय करायचे, कुठे बसायचे, काय उचलायचे, काय म्हणायचे. ‘शिस्तप्रिय’ असा शब्द आला की खोडायचा. अर्धं पान माझ्या आठवणींनी भरलं. उरलेल्यासाठी आईला, बहिणीला आणि अण्णांबरोबर बरीच वर्षं एकाच गाडीवर असलेल्या ड्रायव्हरकाकांना विचारलं. विचारतानाही ‘अण्णा कसे होते?’ असं विचारून उपयोग नाही. त्याचं उत्तर ‘देवमाणूस’ हेच येतं. ‘गाडी लागली की ते आधी काय करायचे?’ असं विचारलं की माणूस आठवायला लागतो.

त्यातून पंचवीसेक सवयी निघाल्या. दाढी करताना रेडिओ लावायचे, नोटा एका बाजूने लावून घडी घालायचे, चहा बशीत ओतून प्यायचे. सगळ्या खऱ्या होत्या. पण सगळ्या घेतल्या असत्या तर पुन्हा यादीच झाली असती. मी एक चाळणी लावली : या सवयीपायी अण्णांना काही सोसावं लागत होतं का? बशीतल्या चहाला काही पडत नव्हतं. तो जिव्हाळ्याचा होता, पण त्यातून त्यांनी कशाला किंमत दिली ते कळत नव्हतं. चाळणीत उरली ती खिशातली वही.

ती वही कळायला तेव्हाचं काम थोडं सांगावं लागेल. मशीन येण्याआधी कंडक्टरकडे वेगवेगळ्या किमतींच्या छापील तिकिटांचा ट्रे असायचा. तिकीट पंच करायचं, पैसे चामड्याच्या पिशवीत टाकायचे, आणि फेरी संपल्यावर तिकिटांच्या पहिल्या-शेवटच्या नंबरांवरून वेबिलावर हिशोब जुळवायचा. कमी भरलं तर खिशातून घालायचं. सुट्ट्या पैशांची कायम ओढ असायची. म्हणून कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी रक्कम लिहून द्यायचा आणि म्हणायचा, “उतरताना घ्या.” गर्दीत, पोरं-बोचकी सांभाळत उतरताना माणसं ती घ्यायला विसरायची.

अण्णा ते पैसे वहीत लिहायचे. नावं ठाऊक नसायची, म्हणून माणसाची खूण लिहायचे. ‘हिरवं लुगडं, कोंबडीची पाटी, आठ आणे, फाट्यावर उतरली.’ ‘शाळेची दोन पोरं, एकाचा हात गळ्यात, एक रुपया.’ तीच पाळी असेपर्यंत तो माणूस पुन्हा गाडीत चढतो का ते बघायचे आणि पैसे दिले की ओळीपुढे बरोबरची खूण करायचे. ड्रायव्हरकाका सांगत होते, “थांब्यावर दोन मिनिटं जास्त गेली की मी ओरडायचो. हा दारात उभा राहून उतरलेल्यांना हाका मारत असायचा. गाडीतली माणसंही वैतागायची.” त्या दोन मिनिटांचा उशीर, सोबत्याची बोलणी आणि प्रवाशांचा वैताग, ही त्या आठ आण्यांची किंमत होती. एवढं लिहिल्यावर ‘प्रामाणिक’ हा शब्द लिहायची गरज राहिली नाही.

पण इथेच असं लेखन फसण्याचा दुसरा धोका असतो. सवय इतकी गोड वाटायला लागते की माणसाचा फोटो फ्रेममध्ये जाऊन बसतो. मी लिहून गेलो होतो, ‘अण्णांनी पैशांवरून कधी कुणाला दुखावलं नाही.’ आई वाक्य पुरं होऊ न देता म्हणाली, “ते काढ.” घरीही वेबिल असायचं. भाजीचे पैसे, रॉकेलचे पैसे, रात्री जेवणानंतर हिशोब. एकदा तीन रुपये जुळेनात म्हणून अण्णांनी तिला शेजारणीसमोर दोनदा विचारलं. ते तीन रुपये तिने माहेरी पत्र आणि राखी पाठवायला वापरले होते. त्यानंतर तिने बराच काळ माहेरी काही पाठवलं नाही. जो माणूस अनोळखी बाईचे आठ आणे जपायचा, त्याला बायकोच्या तीन रुपयांवर विश्वास ठेवता आला नाही. सवय तीच होती. बाहेर तिचा न्याय झाला, घरात तिचा जाच झाला.

हे लिहावं का, यावर बहिणीचं आणि माझं वाजलं. ती म्हणाली, श्राद्धाच्या दिवशी हे कशाला? मला लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आठवत होतं. १९३४पासून ते भागाभागांनी प्रसिद्ध झालं. त्यातले रेव्हरंड टिळक इतके जिवंत वाटतात, कारण लक्ष्मीबाईंनी त्यांचा तापटपणा आणि विक्षिप्तपणा लपवला नाही, आणि तो सांगताना त्यांच्यावर सूडही उगवला नाही. तरी शेवटचा शब्द माझा नव्हता. ज्याला ते सोसावं लागलं त्याची परवानगी हवी. आई म्हणाली, “लिही. पण पुढचंही लिही.” पुढचं मला माहीत नव्हतं : रिटायर झाल्यावर पहिल्या पेन्शनच्या दिवशी अण्णांनी सगळे पैसे तिच्या हातात दिले आणि म्हणाले, “आता हिशोब तू ठेव, मला दाखवू नकोस.” माफी त्यांनी कधी मागितली नाही. तिने मात्र ती धरली.

शेवटी पान झालं ते एवढंच : वही, दारातल्या हाका, तीन रुपये आणि पेन्शनचा दिवस. वाचायला चार मिनिटं लागली. प्रशस्तिपत्रं गेली, घर गेलं, मुलांचं शिक्षणही गेलं. ते ऐकणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी ‘तुमचे संस्कार आम्ही पुढे नेऊ’ असं एक वाक्य होतं, ते वाचता वाचताच गाळलं. ते अण्णांबद्दल नव्हतं, माझ्याबद्दल होतं.

वाचून झाल्यावर नेहमीसारखं कुणी “छान लिहिलंय” म्हणालं, कुणी डोळे पुसले. बहिणीचा सहा वर्षांचा मुलगा, ज्याला अण्णा फारसे आठवत नाहीत, तो वही उलटत बसला होता. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. ‘लाल छत्री, म्हातारा, अडीच रुपये, नाक्यावर.’

“मामा, याच्यापुढे खूण नाहीये,” तो म्हणाला. “हे आजोबा सापडले नाहीत का?”