साडेनऊला काय पाहायचं?

जेवणं आटोपून साडेनऊला टीव्ही लावला आणि साडेअकराला झोपायचं असेल, तर मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर लावावा.

पहिल्या मिनिटात फक्त वेळ ठरवायची: दोन तास. 'सैराट' जवळजवळ तीन तासांचा, म्हणून तो इथेच बाद. 'कोर्ट' 116 मिनिटांचा, तो बसतो. पुढची दोन मिनिटं आधी जपून ठेवलेल्या यादीतून तीन नावं काढायची. नवरा एक खोडतो, बायको दुसरं. उरेल ते लावायचं.

घोळ होतो तो मुखपृष्ठावर. तिथं आपोआप सुरू होणाऱ्या झलका वेळ खातात. नेटफ्लिक्सवर त्या प्रोफाइलच्या सेटिंगमधून बंद करता येतात, आणि त्या कराव्यातच. यादी मात्र दुपारीच भरलेली हवी. वीस मिनिटांत सिनेमा रुचला नाही, तर उरलेल्या दोघांपैकी वेळेत बसेल तो लावावा. पुन्हा शोधाशोध नाही.